घामोळ्या आणि खाजेसाठी निंबाच्या पाल्याचं किंवा गुलाबपाकळ्यांचं अंघोळीचं पाणी: कृती, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की घरोघरी पाठ, मान आणि काखा लाल होतात, आणि मग निंबाच्या पाल्याची अंघोळ सुरू होते. बहुतेक घरांत ती अशी होते: पाल्याचं मोठं बुचकं पातेल्यात उकळायचं, ते कढत पाणी बादलीत ओतायचं, चार-पाच मग भराभर अंगावर घ्यायचे, आणि शेवटी थंडावा म्हणून पाठीवर खोबरेल तेल चोळायचं. रात्री खाज दुपटीने वाढते आणि दोष निंबावर जातो.

दोष क्रमाचा आहे. या अंघोळीत पाला किती घातला यापेक्षा तीन गोष्टींनी जास्त फरक पडतो: पाणी किती गार आहे, ते त्वचेवर किती वेळ टिकतं, आणि नंतर त्वचा किती पटकन व पूर्ण कोरडी होते. पाला आणि पाकळ्या मदतीला असतात. निम्म्याहून जास्त आराम गार पाण्याचाच असतो, हे ध्यानात ठेवलं की पुढच्या पायऱ्या नीट कळतील.

## १. आधी ओळखा: घामोळ्या आहेत की कोरडी खाज

दोन्हींत खाजतं, पण उपाय उलट आहेत. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं फुकट जातं.

घामोळ्या होतात घाम बाहेर पडायची बारीक वाट बुजल्यामुळे. घाम आत साचतो, आजूबाजूला झिरपतो आणि टोचल्यासारखी आग होते. लालसर, बारीक, दाटीवाटीचे पुरळ पाठीवर, मानेवर, छातीवर, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत दिसतात. कपडा जिथे घासतो तिथे जास्त. उन्हात गेलं, चुलीपुढे बसलं की टोचणी वाढते, कूलरपुढे बसलं की कमी होते. कधीकधी नुसते पाण्यासारखे पारदर्शक, न खाजणारे थेंब दिसतात. तो सौम्य प्रकार आहे, त्याला अंग गार ठेवण्यापलीकडे काहीच करायला नको.

कोरडी खाज वेगळी. नडग्या, हाताची बाहेरची बाजू, कंबर अशा जागी त्वचा खडबडीत होते, नख ओढलं की पांढरी रेघ उमटते. पुरळ नसतं, किंवा खाजवून खाजवून आलेलं असतं. बोअरचं जड पाणी, कडक साबण आणि दिवसभरचा कोरडा वारा हे तिन्ही मिळून ती वाढवतात.

घामोळ्या असतील तर निंब घ्या. त्वचा कोरडी, नाजूक किंवा लहान मुलाची असेल तर गुलाब घ्या. निंबाचा काढा त्वचा आणखी कोरडी करतो, म्हणून कोरड्या खाजेवर तो वापरला की दोन दिवसांत त्वचा ताणल्यासारखी वाटते. गुलाबपाकळ्यांत थोडा तुरटपणा असतो, पण पाणी एकूण सौम्य राहतं.

तपासा: रात्री अंथरुणात खाज भडकते का, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुरळ आहे का, घरात आणखी कुणाला तसंच होतंय का? उत्तर हो असेल तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. जांघेत किंवा कमरेवर गोल चकती असून तिची कड लाल, उठावदार आणि मधला भाग फिकट असेल तर नायटा. दोन्हींना औषध लागतं आणि खरजेत घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लागतं. निंबाच्या पाण्याने दोन्ही जात नाहीत, फक्त आठवडा वाया जातो आणि तेवढ्यात लागण पसरते.

## २. पाला निवडणं

खान्देशात निंबाची झाडं फाल्गुनात झडतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास तांबूस कोवळी पालवी येते. अंघोळीला ती कोवळी पालवी नको. वैशाखात हिरवा, जून झालेला पण पिवळा न पडलेला पाला मिळतो, तो घ्या. पानं चुरगळली की कडवट वास लगेच आला पाहिजे. पानांवर जाळी, चिकट थर किंवा कीड दिसली तर ती डहाळी सोडून द्या.

झाड निंबाचंच आहे ना, हे एकदा नीट बघा. बकाण निंब दिसायला जवळचा असतो आणि बांधावर, रस्त्याकडेला सहज आढळतो. फरक पानाच्या रचनेत आहे. निंबाची एक मधली काडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी थेट पानं फुटतात. प्रत्येक पान कोयत्यासारखं वाकलेलं, दातेरी, आणि देठापाशी दोन्ही बाजू असमान. बकाणाच्या मधल्या काडीला आधी छोट्या काड्या फुटतात आणि त्या काड्यांवर पानं असतात. काडीला फांद्या फुटलेल्या दिसल्या की पाला टाकून द्या. बकाण विषारी आहे, विशेषतः त्याची फळं.

महामार्गाच्या कडेच्या झाडावर धुळीचा जाड थर असतो, आणि त्याच धुळीने खाज वाढते. कपाशीच्या किंवा केळीच्या शेताच्या बांधावरचं झाड असेल तर तिथे अलीकडे फवारणी झाली आहे का, ते शेतमालकाला विचारून घ्या. पावसाळ्यात कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या की बांधावरचा पाला अंगासाठी आणूच नका. घराच्या अंगणातलं किंवा देवळाजवळचं झाड सगळ्यांत बरं.

प्रमाण: २० लिटरच्या एका बादलीला १०० ग्रॅम ताजी पानं, काड्या काढून. वजनकाटा नसेल तर दाबून भरलेल्या साधारण तीन ओंजळी. सावलीत वाळवलेला पाला असेल तर ३० ग्रॅम पुरे.

जास्त घातला तर जास्त गुण येईल, ही समजूत सोडा. दाट, काळपट काढा चरचरतो, त्वचा ओढून धरतो आणि खाजवलेल्या जागी आग करतो.

## ३. गुलाबपाकळ्या निवडणं

देशी, गुलाबी, वासाचा गुलाब घ्या, म्हणजे गुलकंदासाठी वापरतात तो. दुकानातले लांब दांड्याचे गडद लाल गुलाब नकोत. ते टिकावेत म्हणून त्यांच्यावर फवारणी झालेली असते आणि पाकळ्यांत वासही फारसा नसतो. लग्नाच्या हारातल्या, मंदिरातल्या किंवा मिरवणुकीतल्या पाकळ्या तर अजिबात नकोत. त्यांना गुलाल, अत्तर आणि हाताळणी लागलेली असते.

२० लिटरला ५० ग्रॅम ताज्या पाकळ्या घ्या, म्हणजे दोन मोठ्या सैल ओंजळी. वाळलेल्या असतील तर १५ ग्रॅम. काष्टौषधीच्या दुकानातून वाळलेल्या पाकळ्या आणल्या तर चार पाकळ्या वाटीभर गार पाण्यात टाका. पाणी क्षणात भडक लाल किंवा राणी रंगाचं झालं तर त्यांना रंग लावलेला आहे, वापरू नका. साध्या पाकळीचा रंग सावकाश आणि फिकट उतरतो.

बाजारातलं सुवासिक गुलाबपाणी हा पर्याय नाही. त्यात बहुतेक वेळा वासाचा अर्क मिसळलेला असतो, आणि खाजणाऱ्या त्वचेला सुवास हेच अनेकदा चिथावणीचं कारण असतं. ताज्या गुलाबातही वासाची तेलं असतातच, म्हणून पुढची चाचणी गुलाबालाही तितकीच लागू आहे.

## ४. आदल्या दिवशीची चाचणी

दोन चमचे पाण्यात दोन-तीन पानं किंवा पाच-सहा पाकळ्या घेऊन छोटा काढा करा आणि थंड होऊ द्या. स्वच्छ सुती चिंधी त्यात भिजवून कोपराच्या आतल्या बाजूला १५ मिनिटं ठेवा, नंतर पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. लाली, सूज, फोड किंवा वेगळी खाज दिसली तर ती वनस्पती तुमच्यासाठी नाही. मग नुसत्या गार पाण्याने हीच सगळी कृती करा, बराच आराम पडेल.

सावधान: एक वर्षाखालच्या बाळाला निंबही नको आणि गुलाबही नको. बाळाच्या घामोळ्यांना साधं पाणी, पातळ सुती झबलं आणि वारा पुरेसा असतो. गरोदर बाईंनी आणि ज्यांना दमा किंवा जुना त्वचारोग आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. निंबाचा काढा कुणालाही प्यायला देऊ नका, आणि पोरांच्या हाती लागेल असा उघडा ठेवू नका.

## ५. निंबाचा काढा

पाला आधी दोन पाण्यांतून खळखळून धुवा. पहिलं पाणी मातकट निघतंच. दुसरंही मातकट आलं तर तिसऱ्यांदा धुवा.

१. स्टीलच्या पातेल्यात २ लिटर पाणी घ्या आणि पानं त्यात बुडवा.

२. उकळी येईपर्यंत आच मोठी, नंतर बारीक. झाकण ठेवून १० मिनिटं. पाणी फिकट पिवळट-हिरवं झालं पाहिजे.

३. आच बंद करून झाकणासकट तसंच गार होऊ द्या. उन्हाळ्यात याला बराच वेळ लागतो. ही घाईची जागा नाही, कारण पाण्याचं सगळं गणित पुढे इथेच बिघडतं.

४. दुहेरी सुती कापडातून गाळा. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा चांगला. चहाच्या गाळणीतून बारीक कण खाली उतरतात, ते घामोळ्यांत अडकून टोचतात आणि पाठीवर कोरडे होऊन खाजवत राहतात. कापड शेवटी जोरात पिळू नका, पिळलं की चोथ्याचा गाळ काढ्यात येतो.

तपासा: काढा काचेच्या पेल्यात धरून उजेडाकडे बघा. रंग असू द्या, पण तरंगणारे कण दिसता कामा नयेत. दिसले तर पुन्हा गाळा.

काढा त्याच दिवशी वापरा. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात ठेवलेला काढा दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो आणि बोटांना बुळबुळीत लागतो. असा काढा झाडालाच घाला. फ्रीजमध्ये झाकून एक दिवस टिकतो, त्यापुढे नाही.

## ६. गुलाबाचं पाणी

गुलाब उकळायचा नसतो. उकळलं की वास उडून जातो, तुरटपणा वाढतो आणि पाणी तपकिरी होतं. २ लिटर पाणी उकळा, आच बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग धुतलेल्या पाकळ्या घालून झाकण लावा. अर्ध्या तासाने पाकळ्या फिकट, जवळपास पांढऱ्या झालेल्या दिसतात. मग निंबासारखंच कापडातून गाळा.

इथे पाणी कुठलं, यानं फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यात पाकळ्यांचा गुलाबी रंग जाऊन करडा-हिरवट होतो. त्यात विष नाही, पण रंग बदलला म्हणून घाबरून लोक पाणी फेकतात किंवा त्यात लिंबू पिळतात. लिंबू पिळला की रंग परत गुलाबी होतो, आणि तेच अंगावर घेऊन उन्हात गेलं तर त्वचेवर काळे-तांबूस डाग किंवा फोड येऊ शकतात. म्हणून ही २ लिटर पाण्याची बाब पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने करा आणि लिंबू लांब ठेवा. लोखंडी कढईही नको, तिच्यात पाकळ्यांचं पाणी काळपट पडतं.

## ७. बादली भरणं: सगळ्यांत जास्त चुका इथे

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी वैशाखात संध्याकाळपर्यंत सहज ४० अंशांवर असतं. नळ सोडला की पाणी चांगलंच गरम लागतं. आता हिशेब बघा. १८ लिटर पाणी ४० अंशांचं आणि त्यात २ लिटर कढत काढा ९० अंशांचा ओतला तर बादली ४५ अंशांवर जाते. अशा पाण्याने अंगातला घाम आणखी सुटतो, त्वचा लाल होते, घामोळ्या भडकतात. निंबाची अंघोळ बाधली म्हणणाऱ्या बहुतेक घरांत खरं कारण हे असतं.

उपाय सोपा आहे. टाकीतलं पाणी पहाटेच्या वेळी बादलीत भरून न्हाणीच्या सावलीत झाकून ठेवा. दिवसभर सावलीत ठेवलेलं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा बरंच गार राहतं. माठातलं किंवा रांजणातलं पाणी मिळत असेल तर १८ लिटरपैकी ४-५ लिटर ते मिसळा. काढा गार झालेला असेल तर बादली आपोआप बरोबर जमते.

थर्मामीटर नको. मनगटाची आतली बाजू पाण्यात बुडवा. गारही नाही आणि गरमही नाही, किंचित गारवा वाटतो, अशी जागा हवी. बर्फ घालू नका. बर्फाच्या पाण्याने अंग आखडतं, पाच मिनिटांत माणूस कुडकुडतो, आणि बाहेर आल्यावर पुन्हा घाम सुटतो. कोरड्या खाजेसाठी पाणी जरा कोमट, अंगाइतकं असलं तरी चालतं, पण कढत तिथेही नाही. कढत पाण्याने खाजेला क्षणभर सुख मिळतं आणि त्वचेवरचं उरलंसुरलं तेल धुऊन जातं.

बादलीत काय घालू नये: जंतुनाशक द्रव, खायचा सोडा, मीठ, तुरटी, कापूर. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी घरात सांगितली जाते, आणि खाजवून सोललेल्या त्वचेवर प्रत्येक गोष्ट चरचरते. हळदही नको, ती फक्त कपडे रंगवते.

## ८. अंघोळीचा क्रम

बादलीने चार मिनिटांत अंघोळ उरकणाऱ्याला निंबाचा उपयोग जवळजवळ होत नाही. पाणी पाठीवरून घसरून मोरीत जातं. मोठा टब नसला तरी पाणी त्वचेवर टिकवता येतं, त्यासाठी कापड लागतं. दोन मऊ सुती पंचे किंवा जुन्या साडीचे तुकडे आधीच धुऊन ठेवा.

१. आधी साबण. सौम्य साबण, फक्त काखा, जांघा आणि पाय, ५-६ लिटर साध्या पाण्यात. घामोळ्यांवर साबण घासायचा नाही. जड पाण्यात साबणाचा पांढुरका साका बसतो, तो घामाची वाट आणखी बुजवतो. म्हणून साबण आधी आणि पूर्ण निघेपर्यंत धुणं. काढ्याच्या नंतर साबण लावला तर काढा लावलाच नाही असं समजा.

२. पाटावर किंवा स्टुलावर बसा. काढ्याच्या बादलीतलं ४ लिटर पाणी घमेल्यात काढून घ्या. एक पंचा भिजवून पिळता न पिळता मानेपासून कंबरेपर्यंत पसरा. दुसरा छातीवर.

३. दोन मिनिटांनी पंचा अंगाच्या उष्णतेने कोमट होतो. तो बादलीच्या बाहेर वेगळ्या मगभर पाण्यात खळबळा, मग पुन्हा घमेल्यात बुडवून परत अंगावर घ्या. असं १० ते १२ मिनिटं. नडग्या खाजत असतील तर पाय घमेल्यातच बुडवून बसा.

४. बादलीत उरलेलं पाणी मगाने सावकाश खांद्यावरून सोडा. चोळू नका. घासणी, नारळाची काथी, दगड काही नको. घामोळ्या घासून फोडल्या की तिथे पू होतो.

५. निंबाच्या अंघोळीनंतर शेवटी एक-दोन मग साधं गार पाणी घ्या, नाहीतर काढ्याचा कडवट थर वाळून त्वचा ओढते. गुलाबाच्या पाण्यानंतर हे करायची गरज नाही.

डोक्यावर आणि चेहऱ्यावर काढा घेऊ नका, डोळ्यांत गेला की झोंबतो. गेलाच तर साध्या पाण्याने भरपूर धुवा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ओलं बसू नका. त्वचा फुगते आणि घामाची वाट फुगून आणखी बंद होते.

दिवसातून एकदा, संध्याकाळी, पुरे. दिवसभराचा घाम त्या वेळी निघतो आणि रात्रीची झोप लागते.

## ९. नंतरचा अर्धा तास

मऊ टॉवेल टेकवून पाणी टिपून घ्या. काख, मांडीची घडी, स्तनांखालची जागा, मानेची वळी या जागी ओल राहते, त्या खासकरून टिपा. मग दहा मिनिटं पंख्याखाली उघडी पाठ ठेवून बसा. कूलरची हवा अंगावर थेट घेत असाल तर थोडं लांब बसा, दमट झोतात त्वचा कोरडी व्हायला वेळ लागतो.

इथे पुन्हा सुरुवातीचा फरक येतो. घामोळ्या असतील तर तेल, व्हॅसलिन, जाडसर क्रीम काहीही नको, बुजलेल्या वाटेवर ते झाकण बसवतं. घामोळ्यांची पावडर दाट थापू नका. ओल्या त्वचेवर तिचे गोळे होतात आणि त्याच जागी घाम अडकतो. फार आग होत असेल तर कॅलामाइन लोशन पातळ लावता येतं. कोरडी खाज असेल तर उलट: त्वचा अजून किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलिन नडग्यांवर, हातांवर लावा. पूर्ण कोरडं झाल्यावर लावलेलं तेल निम्मंच उपयोगी पडतं.

कपडे सैल, सुती, धुतलेले. पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि घट्ट इलॅस्टिक घातलं तर बारा मिनिटांची मेहनत तासाभरात जाते.

## एक उदाहरण, सुरुवातीपासून

रावेरकडे केळीच्या बागेत मजुरीला जाणारा माणूस धरू. सकाळी सहाला जातो, अकराला परत येतो. पाठीवर आणि कमरेच्या पट्ट्याखाली बारीक लाल पुरळ, दुपारी टोचणी. नडग्या मात्र कोरड्या आणि खरखरीत. म्हणजे एकाच अंगावर दोन्ही प्रकार.

त्याने नेहमीचा क्रम असा ठेवावा. अकराला आल्याबरोबर घामाचा शर्ट काढून साध्या पाण्याने अंग धुवायचं, साबण न लावता. केळीचा चीक हातांवर असेल तर फक्त हातांना साबण. पहाटे भरून ठेवलेली बादली सावलीत आहेच. दुपारी दोनला १०० ग्रॅम पाला दोन पाण्यांनी धुऊन, २ लिटरमध्ये १० मिनिटं बारीक आचेवर, मग झाकून ठेवायचा. सहाच्या सुमारास तो गार झालेला असतो, गाळून १८ लिटर पाण्यात मिसळायचा. मनगट बुडवून बघायचं.

साबण आधी, मग पंच्याचे सहा फेरे पाठीवर. निंबाचं पाणी फक्त पाठ, छाती आणि कंबरेपुरतं. नडग्यांवर ते सोडायचं नाही, तिथे साधं पाणी. नंतर पाठ कोरडी, तेल नाही. नडग्या ओलसर असतानाच त्यांवर तेल. एकाच अंघोळीत पाठीला एक वागणूक आणि पायांना दुसरी. आणि कमरेला पट्ट्याऐवजी सैल नाडीची पँट, नाहीतर पुरळ तिथे कायम नव्याने येत राहील.

दुसऱ्या दिवशी टोचणी कमी जाणवते, तिसऱ्या दिवशी लाली फिकी पडते. तसं झालं तर चौथ्या दिवसानंतर निंब बंद करून नुसतं गार पाणी चालू ठेवायचं. रोज महिनाभर निंब घातला तर पाठही नडग्यांसारखी खरखरीत होईल.

पाण्याची टंचाई असेल तर घमेल्यातलं ४ लिटर पाणी आणि अर्धाच लिटर काढा एवढ्यावरही पंच्याची पायरी होते. बादलीतल्या उरलेल्या पाण्याचं शिंपण टाळलं तरी चालेल, पंचा टाळू नका. साबणाचं नसलेलं उरलेलं पाणी अंगणातल्या झाडाला घालता येतं.

## कधी थांबायचं

पाणी लागताच आग वाढली, जी पाच मिनिटांत शमत नाही, तर लगेच साध्या पाण्याने धुवा आणि त्या वनस्पतीचा नाद सोडा. पुरळांत पिवळा पू, दुखणारी सूज, पसरत जाणारी लाली, काखेत किंवा जांघेत गाठ, ताप, यातलं काही दिसलं तर दवाखाना. मुलाला ताप येऊन अंगभर पाण्याचे फोड आले तर त्या कांजिण्या असू शकतात. निंबाचा पाला अंथरून वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

उन्हातून आलेला माणूस बरळतोय, अंग तापलं आहे, चालताना झोकांड्या जातात, तर ते घामोळ्यांचं प्रकरण नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, साध्या गार पाण्याने अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. काढा उकळत बसू नका.

चार-पाच दिवस नीट क्रमाने करूनही खाज तशीच असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना घरात लावून पाहिलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्या. मेडिकलवरून मागून आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने नायट्याची कड पुसट होते, खाज थोडे दिवस दबते आणि रोग आत पसरत राहतो. ट्यूब बघितल्याशिवाय डॉक्टरांना ते ओळखणं अवघड जातं.